वापरलेले कपडे, किंमत रुपये पाचशे

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्या पार्सलात चांदी होती हे मला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, मी ती हातात घेऊन बघितली होती, "लई सुबक झालीय" असं म्हणालोही होतो, आणि मग माझ्याच हातांनी ती गुंडाळून खोक्यात घातली होती. नंतर कंपनीला, लातूरच्या माणसांना आणि जवळजवळ स्वतःलाही मी सांगत राहिलो की आत काय होतं ते आपल्याला काय ठाऊक.

मी तेव्हा महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे हुमनाबादला बसस्टँडच्या अलीकडे एका कुरिअर कंपनीची एजन्सी चालवत होतो. एजन्सी म्हणजे एक काउंटर, एक वजनकाटा, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर कंपनीनं पाठवलेलं मोठं पोस्टर. पोस्टरवर विमान होतं. आमच्या पार्सलांच्या नशिबी टेम्पो होता, पण लोक पोस्टरकडे बघून पैसे द्यायचे. काउंटरमागे दुसरा कागद होता, त्यावर न घ्यायच्या वस्तूंची यादी: रोकड, दागिने, सोनं, चांदी, ज्वालाग्राही पदार्थ आणि असंच बरंच काही. तो कागद कंपनीच्या आदेशाप्रमाणे दर्शनी भागात लावायचा होता. दर्शनी भागात कॅलेंडर असल्यामुळे तो कॅलेंडरच्या मागे होता.

आमच्याकडे पार्सल लिहिण्याची एक रीत पडून गेली होती. आत काहीही असो, पावतीवर "वापरलेले कपडे, विक्रीसाठी नाही, किंमत पाचशे" असं लिहायचं. नवीन माल म्हटलं की दुकानाचं बिल लागतं, बिल म्हटलं की जीएसटी नंबर आला, किंमत जास्त लिहिली की विमा घ्या म्हणून कंपनी मागे लागते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "अण्णा, कामून वाढवायलाव उगंच?" त्यामुळे सगळ्यांच्या सोयीसाठी आमच्या तालुक्यातून लग्नाचे शालू, मिक्सर, शेंगदाण्याची चटणी, एकदा तर सायकलची अख्खी चाकं, हे सगळं वापरलेले कपडे म्हणून महाराष्ट्रात जात होतं. महाराष्ट्रातून येणारंही तसंच यायचं. कुणी नुसत्या पावत्या वाचल्या असत्या तर त्याला वाटलं असतं, या सीमेवर दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांचे जुने कपडे घालून दिवस काढतात.

अक्का हळ्ळीखेडच्या. वयानं माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, नवरा वारलेला, घरची जमीन स्वतः बघणाऱ्या. नात्यानं माझ्या कुणी नव्हत्या, पण आमच्याकडे अक्का म्हटलं की बाकी नातं विचारत नाहीत. त्यांची एकुलती एक मुलगी लातूरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दवाखाना लातूरचा बरा म्हणून ते तिकडेच झालं, आणि नेमका त्याच सुमाराला अक्कांचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता. बाळाच्या लिंगधारणेचा दिवस ठरला. लिंगायत घरांमध्ये बाळाच्या गळ्यात बांधायच्या लिंगासाठी चांदीची डबी आजोळनं द्यायची असते. करडगी म्हणतात तिला. अक्कांनी स्वतःचे पायातले तोडे मोडून ती घडवून घेतली होती.

पुतण्याच्या मोटारसायकलवर, प्लास्टरचा पाय पुढे काढून, त्या काउंटरवर आल्या. खणाच्या तुकड्यातून करडगी काढून माझ्या हातात दिली.

"अण्णा, ही जायला पायजे. मी जाऊ शकत न्हाई, निदान ही तरी जाऊ दे."

मी म्हणालो ते वर लिहिलंच आहे. लई सुबक झालीय. वर नंदी कोरलेला, खाली बारीक घुंगरू.

"एसटीच्या ड्रायव्हरजवळ देऊ का म्हणलं," अक्का म्हणाल्या. "लातूरची गाडी रोज जातीच की. ओळखीचा हाय त्यो."

आणि इथं मी तोंड उघडलं. तीन तासांच्या वाटेवर, ओळखीच्या माणसाच्या हातात जाणारी वस्तू मी माझ्याकडे वळवली. "अक्का, ड्रायव्हरच्या भरवशावर कुठं? इथं कंपनी हाय. नंबर मिळतोय, मोबाईलवर दिसतंय कुठवर गेलंय ते. ड्रायव्हर काय नंबर देतोय व्हय?"

अक्कांनी पोस्टरवरच्या विमानाकडे बघितलं. "मग तुमच्याकडंच द्यावं," म्हणाल्या.

चांदी घेता येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या ड्रायव्हरकडे गेल्या असत्या आणि माझे एकशे चाळीस रुपये बुडाले असते. त्या एकशे चाळीसमध्ये माझा वाटा किती होता ते लिहायला लाज वाटते. खोक्यात करडगी हलू नये म्हणून मी पॅकिंगसाठी ठेवलेल्या जुन्या कपड्यांतला माझाच एक शर्ट तिच्याभोवती गुंडाळला. म्हणजे पावतीवर लिहिलेलं अगदीच खोटं नव्हतं. वापरलेले कपडे आत होते. हा मुद्दा पुढे मी स्वतःला फार वेळा ऐकवला.

पावतीच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं की कंपनीची जबाबदारी लिहिलेल्या किमतीपुरतीच, आणि मनाई असलेल्या वस्तूबद्दल काहीच नाही. अक्कांना चष्मा लागायचा, मला वाचायची गरज नव्हती. त्यांनी सही केली.

हुमनाबादहून लातूर सरळ वायव्येला आहे. आमच्या कंपनीला मात्र सरळ जायची सवय नव्हती. पार्सल आधी दक्षिणेला कलबुर्गीच्या हबला गेलं, तिथून पूर्वेला हैदराबादला, आणि हैदराबादहून लातूर ओलांडून पश्चिमेला पुण्याला. पुण्याहून ते उलटं लातूरला यायचं होतं. मी रोज मोबाईलवर बघायचो आणि अक्कांना फोनवर सांगायचो.

"अक्का, पुण्याला पोचलंय."

"पुण्याला कामून? पुण्यात आमचं कोण हाय?"

"तिथनं येतंय ते."

"मग मीच लंगडत गेलेली बरी की हो."

पुण्यानंतर स्क्रीनवर 'इन ट्रान्झिट' आलं, म्हणजे वाटेत आहे. ते तसंच राहिलं. लिंगधारणेचा दिवस आला आणि गेला. लातूरच्या लोकांनी बाजारातून दुसरी करडगी आणली. पार्सल वाटेतच होतं. कंपनीच्या हिशोबानं ते अजूनही वाटेत असेल, कारण आमच्या सिस्टीममध्ये 'हरवलं' असा पर्यायच नव्हता. 'पोचलं', 'परत निघालं', 'पत्ता सापडला नाही', 'घेणाऱ्यानं नाकारलं', हे सगळं होतं. हरवण्याची जबाबदारी कुणावर तरी येते, वाटेत असण्याची कुणावरच येत नाही.

तेवढ्यात लातूरहून दुसरंच सुरू झालं. विहीणबाईंनी मुलीला ऐकवलं, "पाठवलंय म्हणायलेत, पण आलं कुठं? आजोळच्यांनी हातच वर केलं म्हणायचं." अक्का काउंटरवर आल्या तेव्हा प्लास्टर निघालं होतं, काठी होती.

"अण्णा, मला पैशाचं न्हाई. मला कागद पायजे. करडगी पाठवली होती आन् ती तुमच्याकडनं हरवली, असं कंपनीनं लिहून द्यावं. तेवढंच पायजे. माझी लेक तिथं मान खाली घालून राहायलीय."

मी कलबुर्गीला आमच्या एरिया ऑफिसरला फोन लावला. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण टाय बांधणारा माणूस. मी विचारलं, पार्सल हरवलं असं एक पत्र मिळेल का.

"इल्ल अण्णा," तो म्हणाला. नाही म्हणजे नाहीच. "हरवलं असं कंपनी लिहीत नसती. पाठवणाऱ्यानं क्लेम करायचा. क्लेम पास झाला की सेटलमेंटचं पत्र निघतं. पत्रात काय होतं, कितीचं होतं, सगळं असतं. तीस दिवसांच्या आत करा, न्हाईतर तेही गेलं." मग त्यानं विचारलं, "आत काय होतं हो?"

"कपडे," मी म्हणालो.

"बरं झालं. चांदीबिंदी असती तर क्लेम जागच्या जागी रद्द, आन् तुमची एजन्सीपण."

म्हणजे मी काय करायचं ते त्यानंच सांगितलं, असं मी पुढे मानत आलो. त्यानं तसं काही सांगितलं नव्हतं.

क्लेमसाठी अक्का काउंटरपलीकडच्या स्टुलावर बसल्या आणि मी लिहायला. पावतीचा नंबर, बुकिंगची तारीख, वजन, पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, शेवटचं ट्रॅकिंग कधी आणि कुठं. इथपर्यंत सगळं खरं होतं आणि माझं अक्षर चांगलं होतं. मग रकाना आला: वस्तूचं वर्णन.

"लिहा की," अक्का म्हणाल्या. "चांदीची करडगी, नंदी कोरलेली. सोनाराची पावती हाय माझ्याकडं, सोळा हजारांची." त्यांनी पिशवीतून ती काढून काउंटरवर ठेवलीसुद्धा.

"अक्का, तसं लिहिलं तर एक रुपया मिळायचा न्हाई. बुकिंगला कपडे लिहिलंय, इथंही कपडेच लिहावं लागतंय. न्हाईतर कंपनी म्हणती, तुम्ही खोटं बोललाव."

"खोटं कोण बोललं? मी तर तुमच्या हातात दिली."

"व्हय, पण सही तुमची हाय."

हे वाक्य मी बोललो. त्यानंतर अक्का थोडा वेळ सोनाराच्या पावतीची घडी घालत बसल्या.

"मला रुपया नको म्हणलं ना, अण्णा. करडगी लिहा आन् रद्द करू द्या त्यांना. रद्द केल्याचा कागद तर देतील? त्यात तरी करडगीचं नाव येईल."

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या स्टुलावर बसलेल्या बाईला कंपनीचं कामकाज माझ्यापेक्षा लवकर उमगलं होतं. करडगीचा क्लेम केला असता तर 'मनाई असलेली वस्तू, चांदी, सबब अर्ज नामंजूर' असं पत्र आलं असतं, आणि ते लातूरला दाखवायला पुरेसं होतं. पण त्या नामंजुरीच्या खाली एजंटाचं नाव असतं. मी म्हणालो, "अक्का, नामंजूर झालं तर पत्रबित्र काही येत न्हाई. नुसता मेसेज येतो." हे खोटं होतं. नामंजुरीची पत्रं मी स्वतः गिऱ्हाइकांना वाटलेली होती.

अक्कांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी लिहिलं: वापरलेले कपडे, घोषित किंमत पाचशे. मागितलेली भरपाई: पाचशे, अधिक बुकिंगचा खर्च एकशे चाळीस. सोबत पावतीची प्रत, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, आणि घेणाऱ्याचं 'पार्सल मिळालं नाही' असं सहीचं पत्र. ते शेवटचं जावयाकडून मागवावं लागलं. त्यावरून विहीणबाई पुन्हा कडाडल्या म्हणे, "पाठवलं न्हाई ते न्हाई, वर आमच्याकडनं सह्या घ्यायलेत!" जावई बिचारा भला. त्यानं मुकाट्यानं सही करून मोबाईलवर फोटो पाठवला. कंपनीनं तो फोटो चालत नाही म्हणून कळवलं. मूळ कागद हवा. मूळ कागद कसा पाठवायचा, विचारलं, तर उत्तर आलं: आमच्याच कुरिअरनं. अक्का म्हणाल्या, "नको. त्यो एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्या म्हणावं." त्याच संध्याकाळी तो कागद माझ्या काउंटरवर होता.

क्लेम पास झाला. इतक्या सहज झाला की एरिया ऑफिसरनं मला फोन करून शाबासकी दिली. कागदपत्रं कशी असावीत याचा नमुना म्हणून माझा अर्ज तो दुसऱ्या एजंटांना दाखवणार होता. दाखवलाही असेल. पैसे अक्कांच्या खात्यावर आले आणि पत्र माझ्याकडे. कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, शिक्का मारलेलं: 'आपल्या पार्सलबद्दल, वस्तू: वापरलेले कपडे, घोषित किंमत रुपये पाचशे, संपूर्ण आणि अंतिम भरपाई अदा करण्यात आली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

अक्कांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्का बघितला. कागद जाड होता, कंपनीचं चिन्ह रंगीत होतं.

"आलं का हो यात, हरवलं म्हणून?"

"आलंय," मी म्हणालो. "भरपाई दिली म्हणजे हरवलंच की."

त्यांनी पुतण्याकडून त्या पत्राचा फोटो काढून घेतला आणि लगेच, माझ्या काउंटरवरूनच, मुलीला पाठवायला लावला. खाली व्हॉइस मेसेज: "दाखव तुझ्या सासूला. कंपनीनं लिहून दिलंय म्हणावं." इतक्या आनंदानं बोलल्या की मी कॅलेंडरकडे बघू लागलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. अजून फोटोला निळ्या खुणा आल्या नव्हत्या. मी वजनकाटा पुसत राहिलो.

लातूरला इंग्रजी वाचणारी माणसं होती. जावई वाचू शकत होता, आणि त्याच्या धाकट्या भावानं तर ते मोठ्यानं वाचलं. आजोळनं पहिल्या नातवाला काय पाठवलं होतं याचा पुरावा आता शिक्क्यानिशी घरात आला होता: जुने कपडे, पाचशे रुपयांचे. विहीणबाई त्यावर म्हणाल्या, "पाठवलं न्हाई असं म्हणत होते, ते चुकलं माझं. पाठवलं होतं. हे पाठवलं होतं."

मुलीनं रडत फोन केला. अक्कांनी सोनाराची पावती दाखवायला सांगितली. विहीणबाईंचं उत्तर तयार होतं: घडवली असेल की, कपाटात ठेवली असेल, पाठवली कुठं?

दुसऱ्या दिवशी काउंटर उघडायच्या आधीच अक्का पायरीवर बसलेल्या होत्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

"अण्णा, कागद जाऊ द्या मसणात. तुम्ही बघितली होती ना? तुमच्या हातानं गुंडाळली ना? मग तेवढं तोंडानं सांगा." त्यांनी लातूरचा नंबर लावला, विहीणबाईंशी दोन शब्द बोलल्या आणि फोन माझ्या हातात दिला. "घ्या. कुरिअरवाले अण्णा हायत. त्यांना विचारा."

पलीकडून आवाज आला, जरा दमदार, पण सभ्य. "बोला. काय होतं त्या खोक्यात?"

माझ्या डोळ्यापुढून टायवाला ऑफिसर गेला, एजन्सीचं डिपॉझिट गेलं, आणि हेही आलं की हल्ली कुणाच्याही मोबाईलवर बोलणं टेप होतं. मी काउंटरवरच्या आवाजात बोललो. तो आवाज मला फार चांगला जमायचा.

"नमस्कार, ताई. पार्सल बुक झालं होतं, ते खरं हाय. आत काय असतं ते आम्ही उघडून बघत नसतो. गिऱ्हाईक सांगतं, आम्ही लिहितो."

विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे जुने कपडे त्यांनीच सांगितलं होतं."

मी 'नाही' असं म्हणालो नाही. फोन परत दिला.

अक्कांनी तो कानाला लावला नाही. बंद केला, पदरात खोचला. काठी घेऊन उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला लेकरं हायत, अण्णा. एजन्सी सांभाळा." टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत. लातूरची गाडी आमच्या समोरच थांबायची. अधूनमधून त्या ड्रायव्हरच्या हातात पिशवी देताना दिसायच्या. कंपनीपेक्षा स्वस्त, आणि संध्याकाळपर्यंत पोचायची. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला त्यांना बोलावणं आलं नाही, हे मला त्यांच्या पुतण्याकडून कळलं. मुलगी पंचमीला माहेरी यायची, तिलाही त्या वर्षी पाठवलं नाही, आणि त्यापुढच्या वर्षीही नाही. मी ऐकून घ्यायचो आणि म्हणायचो, "काय लोक असतात एकेक."

एजन्सी मी तरीही सांभाळू शकलो नाही. कंपनीनंच गेल्या वर्षी ती एका मोबाईलच्या दुकानाला देऊन टाकली. त्यांच्याकडे जागा मोठी होती. माझं डिपॉझिट परत मिळावं म्हणून मी अर्ज केला आहे. त्याची स्थिती विचारली की 'प्रक्रियेत आहे' असं उत्तर येतं. म्हणजे ज्याची भीती होती ते घडून गेलं, आणि बोलण्यापासून मला अडवणारं आता काही नाही. तरी मी गेलेलो नाही. लातूरची गाडी सकाळी सुटते, तिकीट परवडण्यासारखं आहे. कधी पाऊस असतो, कधी घरी कुणी आलेलं असतं, कधी वाटतं आता इतक्या दिवसांनी कशाला जुनं उकरायचं. ते उकरलं गेलं तर नुकसान माझं आहे आणि न उकरल्याचं नुकसान अक्का रोज सोसतात, हे मला न कळण्यासारखं नाही.

करडगीची किंमत मी मध्यंतरी पुतण्याच्या हाती पाठवून बघितली. अक्कांनी जशीच्या तशी परत केली. त्यांनी पैसे मागितलेच नव्हते.

मी देणं लागतो ते एवढं: अक्कांना बरोबर घेऊन लातूरच्या त्या घरी जायचं, विहीणबाईंच्या समोर बसायचं आणि सांगायचं की खोक्यात चांदीची करडगी होती, मी ती हातात घेऊन बघितली होती, आणि जुने कपडे माझे होते. हे मी अजून केलेलं नाही.